सहामाही चक्रवाढ: एक मुद्दल, तीन उत्तरं

प्रश्न: आठवीसाठी सरळव्याज आणि चक्रवाढव्याजाच्या शाब्दिक उदाहरणांची कार्यपत्रिका करतेय. आकारणी वर्षाला एकदा असली की मुलं बरोबर करतात. "व्याज दर सहामाहीस आकारलं" असं आलं की निम्मा वर्ग चुकतो, आणि सूत्र पाठ असूनही चुकतो. कोणती उदाहरणं घालू आणि ती कशी सोडवून घेऊ?

उत्तर: पहिलं उदाहरण एकच घाला आणि त्याला अख्खा तास द्या. मुद्दल ८,००० रुपये, दर द.सा.द.शे. १०, मुदत दीड वर्ष. त्याखाली तीन प्रश्न: सरळव्याज किती? वार्षिक आकारणीने चक्रवाढव्याज किती? सहामाही आकारणीने किती?

बहुतेक कार्यपत्रिकांत या तीन प्रकारांची तीन वेगळी उदाहरणं असतात, प्रत्येकात मुद्दल वेगळं, दर वेगळा, मुदत वेगळी. मग मुलांना तीन वेगळी गणितं दिसतात. बदल नेमका कशाचा झाला, ते आकड्यांच्या गर्दीत हरवून जातं. मुद्दल, दर आणि मुदत जागच्या जागी ठेवली की बदलायला एकच गोष्ट उरते: व्याज मुद्दलात कधी मिळवायचं.

या तासाला सूत्र फळ्यावर लिहू नका. एक आडवी रेघ ओढा, तिचे सहा-सहा महिन्यांचे तीन तुकडे करा. द.सा.द.शे. १० म्हणजे वर्षाला शंभरामागे १०, म्हणून एका तुकड्याला शंभरामागे ५. इतकं तोंडी झालं की मुलं पुढचं स्वतः करतात.

सरळव्याजात प्रत्येक तुकड्याला ८,००० वरच व्याज. ४००, ४००, ४००. झालं.

सहामाही आकारणीत पहिल्या तुकड्याचे ४०० मुद्दलात गेले, मुद्दल झालं ८,४००. त्यावर ५ टक्के म्हणजे ४२०, मुद्दल ८,८२०. त्यावर ५ टक्के ४४१, रास ९,२६१.

वार्षिक आकारणी मुद्दाम शेवटी घ्या, कारण इथेच थांबायला लागतं. पहिले सहा महिने संपले तेव्हा ४०० रुपये व्याज तयार झालं आहे, पण ते मुद्दलात जाणार वर्ष पूर्ण झाल्यावर. म्हणून दुसऱ्या तुकड्याचं व्याजही ८,००० वरच, पुन्हा ४००. वर्ष भरलं, मुद्दल ८,८००. उरलेल्या अर्ध्या वर्षाचं व्याज ८,८०० वर ५ टक्क्यांनी ४४०. रास ९,२४०.

| | पहिले सहा महिने | दुसरे सहा महिने | तिसरे सहा महिने | एकूण व्याज |
|---|---|---|---|---|
| सरळव्याज | ४०० | ४०० | ४०० | १,२०० |
| चक्रवाढ, वार्षिक | ४०० | ४०० | ४४० | १,२४० |
| चक्रवाढ, सहामाही | ४०० | ४२० | ४४१ | १,२६१ |

आता हा तक्ता उभा वाचून घ्या, एकेक स्तंभ. पहिल्या स्तंभात तिन्ही आकडे सारखे का? कारण अजून कुठेच काही मुद्दलात मिळवलेलं नाही. दुसऱ्या स्तंभात फक्त सहामाहीचा आकडा हलला, कारण मिळवणी फक्त तिथे झाली होती. आणि तिसऱ्यात ४४० नि ४४१ मध्ये जो एक रुपयाचा फरक आहे, त्यावर मी दरवर्षी पाच-सात मिनिटं घालवते. हा एक रुपया कुठून आला? मुलं आधी म्हणतात, "बाई, गुणाकार चुकला असेल." मग कुणीतरी शोधून काढतं. दुसऱ्या सहामाहीत ४०० रुपये व्याजावर २० रुपये व्याज मिळालं होतं. त्या २० रुपयांवर तिसऱ्या सहामाहीत ५ टक्क्यांनी १ रुपया. व्याजावरच्या व्याजावरचं व्याज! चक्रवाढ म्हणजे काय हे या एका रुपयात जितकं कळतं तितकं व्याख्येत कळत नाही.

सरळव्याजापेक्षा जास्त आलेले ६१ रुपयेही असेच सुटे करता येतात. पहिल्या सहामाहीच्या ४०० वर दोनदा २०, दुसऱ्या सहामाहीच्या ४०० वर एकदा २०, आणि वरचा तो १. एकूण ६१. वर्गातल्या हुशार मुलांना हे सुटे करायला द्या, बाकीच्यांना तक्ता पुरे.

सूत्र दुसऱ्या तासाला, आणि तेही याच आकड्यांवर बसवून:

A = P (1 + R/100)^n

इथला n म्हणजे वर्षं, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यात त्यांचा दोष नाही. वार्षिक उदाहरणांत n आणि वर्षं सारखीच असतात, तेव्हा चूक कधी उघडीच पडत नाही. n म्हणजे व्याज किती वेळा मुद्दलात मिळवलं ती संख्या, आणि R म्हणजे त्या एका वेळेचा दर. तक्त्यात मिळवणी तीनदा झाली, प्रत्येक वेळी ५ टक्क्यांनी. म्हणून n = ३, R = ५. "दर निम्मा, मुदत दुप्पट" हा मंत्र मीही सांगते, पण रेघ ओढून झाल्यावर. आधी सांगितला की मुलं त्यातला अर्धाच लक्षात ठेवतात, आणि कुठला अर्धा ते ज्याच्या त्याच्या नशिबावर.

वार्षिक आकारणीत दीड वर्ष आलं तर घात १½ लिहायचा नाही, हे स्पष्ट सांगा. पूर्ण वर्षाला एक कंस, उरलेल्या अर्ध्या वर्षाला निम्म्या दराचा दुसरा कंस: ८,००० × (१ + १०/१००) × (१ + ५/१००) = ९,२४०. तक्त्यातलं उत्तर तेच.

आकडेमोडीत ५/१०० ला लगेच १/२० करायला लावा. कंस २१/२० होतो, त्याचा घन ९,२६१/८,०००, आणि ८,००० ला ८,००० ने छेद गेला की उत्तर हातात. आठवीला घन आणि घनमूळ असतंच, त्यामुळे २१ चा घन त्यांना परका वाटत नाही. १०५/१०० चा घन करत बसणारी मुलं बहुतेक गुणाकारातच अडकतात. आणखी एक नेहमीची घसरण म्हणजे घात फक्त अंशाला देणं: २१ चा घन केला, खाली २० तसाच ठेवला. उत्तर लाखांत जातं, तरी काही मुलं ते शांतपणे लिहून मोकळी होतात.

याच उदाहरणात चुकीची उत्तरं ठरलेली असतात, आणि वही पाहताच चूक कुठली ते कळतं. म्हणूनही हे उदाहरण मला आवडतं.

व्याज २,६४८ लिहिलं असेल तर मुलाने मुदत दुप्पट केली, पण दर निम्मा करायला विसरला: १० टक्क्यांनी तीनदा, रास १०,६४८. व्याज ८२० असेल तर दर निम्मा केला, पण दीड वर्षाचं "दोन वेळा" असं करून टाकलं: ५ टक्क्यांनी दोनदा, रास ८,८२०. १,२४० असेल तर त्याने सहामाही शब्द वाचलाच नाही, वार्षिकच केलं. आणि नुसतं ९,२६१ असेल तर गणित बरोबर आहे, फक्त प्रश्न व्याजाचा होता आणि मुलाने रास दिली. पहिल्या दोघांना पुन्हा रेघ ओढायला बसवा. तिसऱ्याला वाचन हवं, आणि चौथ्याला शेवटची एक ओळ लिहायची सवय. चौघांनाही लाल फुली मारून "सूत्र पाठ करा" लिहिलं तर एकालाही उपयोग नाही.

मुलांनाही स्वतःची चूक पकडायचं एक साधन द्या: आधी सरळव्याज काढून समासात लिहायचं. दोन किंवा जास्त वेळा आकारणी असेल तर चक्रवाढव्याज सरळव्याजापेक्षा जास्तच येणार, आणि एक-दोन वर्षांच्या मुदतीत, १० टक्क्यांच्या आसपासच्या दराला, थोडंच जास्त येणार. इथे समासात १,२०० आहेत. ८२० त्याहून कमी, म्हणजे चूक. २,६४८ दुपटीहून जास्त, म्हणजेही चूक. माझ्या वर्गात एका मुलीने २,६४८ लिहून वही दिली होती. मी फक्त विचारलं, "सरळव्याज किती येतं गं?" तिने १,२०० सांगितलं, वही परत ओढली आणि काही न बोलता दर खोडून ५ केला. या साधनाला मर्यादा आहे. १,२४० सारखी चूक यात सापडत नाही, कारण तेही १,२०० पेक्षा थोडंसंच जास्त आहे. ती चूक फक्त नीट वाचूनच टळते.

आता पुढच्या उदाहरणांसाठी आकडे कसे निवडायचे ते सांगते. मनाला येईल तो आकडा घातला की घोळ होतो. ७,५०० रुपये, ११ टक्के, दीड वर्ष सहामाही, असं उदाहरण मी सुरुवातीच्या काळात एका चाचणीत दिलं होतं. सहामाही दर साडेपाच, त्याचा घन, उत्तर पैशांत. निम्मी मुलं दशांश चिन्हात अडकली, आणि सहामाही आकारणी कुणाला समजली होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. उदाहरण एकाच गोष्टीची परीक्षा घेणारं असावं.

युक्ती सोपी आहे. आधी सहामाही दराचा अपूर्णांक करा. वार्षिक १० चे सहामाही ५, म्हणजे १/२०. मिळवणी तीनदा असेल तर मुद्दल २० च्या घनाच्या पटीत घ्या: ८,०००, १६,०००, २४,०००. दोनदा असेल तर २० च्या वर्गाच्या, म्हणजे ४०० च्या पटीत. वार्षिक ८ असेल तर सहामाही ४, म्हणजे १/२५. तीन सहामाहींसाठी मुद्दल १५,६२५, व्याज ६२५, ६५०, ६७६, एकूण १,९५१. वार्षिक ५ असेल तर सहामाही अडीच, म्हणजे १/४०. तीन सहामाहींसाठी ६४,०००, व्याज १,६००, १,६४०, १,६८१, एकूण ४,९२१. हा अडीच टक्क्यांचा दर मुद्दाम घाला. दशांशात भीतिदायक दिसतो, पण ४१/४० केला की सरळ होतो, आणि अपूर्णांकाचा फायदा मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. सहामाही ५ येईल अशीच सगळी उदाहरणं घातली तर मुलं दर न वाचताच २१/२० लिहू लागतात, तेही सांभाळा.

शाब्दिक उदाहरणाच्या भाषेकडे गणिताइतकंच लक्ष द्या. "द.सा.द.शे. १० दराने, व्याजाची आकारणी दर सहामाहीस" आणि "दर सहामाहीस शेकडा ५ दराने" या दोन वाक्यांत शेवटी गणित एकच आहे. पण दुसऱ्या वाक्यात दर आधीच सहामाहीचा दिला आहे, तो पुन्हा निम्मा करायचा नाही. मंत्र पाठ केलेली मुलं इथे हमखास अडीच टक्के करतात. म्हणून ही दोन वाक्यं कार्यपत्रिकेत एकाखाली एक ठेवा, मुद्दल आणि मुदत तीच, उत्तर सारखं का आलं ते एका ओळीत लिहायला सांगा.

दुसरी जागा म्हणजे मुदत महिन्यांत देणं. "१८ महिने" म्हटलं की सहा महिन्यांचे तीन तुकडे लगेच दिसतात, "दीड वर्ष" म्हटलं की दिसत नाहीत. सुरुवातीच्या उदाहरणांत महिने द्या, नंतर वर्षांवर या. आणि उदाहरणात आकारणीबद्दल काहीच लिहिलं नसेल तर ती वार्षिक धरायची, हा शाळेतला संकेत कार्यपत्रिकेच्या डोक्यावर एकदा छापून टाका, म्हणजे पेपरात वाद होत नाहीत.

सरळ उदाहरणं जमली की उलटी द्या, पण दोन-तीनच. "८,००० रुपयांची द.सा.द.शे. १० दराने, सहामाही आकारणीने, रास ९,२६१ रुपये झाली. मुदत किती?" मुलं ९,२६१/८,००० लिहितात, तो २१/२० चा घन आहे हे ओळखतात, n = ३ काढतात आणि खुशीत उत्तर लिहितात: तीन वर्षं. तीन सहामाही म्हणजे दीड वर्ष! दर विचारला तरी अशीच गंमत. रेघेवर ५ टक्के सापडतात आणि तेच उत्तर म्हणून येतात, पण प्रश्न द.सा.द.शे. दराचा होता, म्हणून १०. उलट्या उदाहरणात निम्मं आणि दुप्पट यांची दिशा बदलते, आणि मंत्र तिथे उलट चालवायचा हे सांगूनही कळत नाही. पुन्हा रेघ ओढली की कळतं.

उलट्यांतलं माझं आवडतं उदाहरण फरकाचं आहे. "एका रकमेचं एका वर्षाचं चक्रवाढव्याज द.सा.द.शे. ८ दराने सहामाही आकारणीने काढलं, तर ते वार्षिक आकारणीपेक्षा २५ रुपयांनी जास्त येतं. ती रक्कम कोणती?" याचं वेगळं सूत्र शिकवू नका. फरक कुठून येतो ते विचारा. पहिल्या सहा महिन्यांच्या व्याजावर पुढच्या सहा महिन्यांत जे व्याज मिळालं, तेवढाच फरक. म्हणजे पहिल्या व्याजाचे ४ टक्के = २५, पहिलं व्याज ६२५. आणि ते ६२५ म्हणजे मुद्दलाचे ४ टक्के, तर मुद्दल १५,६२५. पडताळा: वार्षिक आकारणीने १,२५०; सहामाहीने ६२५ + ६५० = १,२७५. फरक २५. समीकरण न मांडता दोन पायऱ्यांत सुटतं, आणि तक्त्यातला तो एक रुपया ज्याला कळला होता, त्याला हे पटकन जमतं.

एकूण दहा-बारा उदाहरणं पुरेत: पहिलं मोठं तीन प्रश्नांचं, मग एक-दोन नुसत्या सरळव्याजाची, तीन-चार सहामाही आकारणीची, मध्येच एक-दोन वार्षिक. ती वार्षिक उदाहरणं सहामाहीच्या रांगेत लपवून ठेवा, नाहीतर मुलं शीर्षक वाचून दर निम्मा करत सुटतात. दोन वर्षं सहामाही, म्हणजे चार मिळवण्या, एकदाच द्या: १,६०,००० रुपये, १० टक्के. रास १,९४,४८१, व्याज ३४,४८१. त्याहून मोठा घात दिला तर ती गुणाकाराची परीक्षा होते.

शेवटचं उदाहरण मी असं ठेवते. "४०,००० रुपये एका वर्षासाठी ठेवायचे आहेत. एका ठिकाणी द.सा.द.शे. १०, आकारणी सहामाही. दुसऱ्या ठिकाणी द.सा.द.शे. १०.२, आकारणी वार्षिक. जास्त व्याज कुठे?" बहुतेक हात दुसऱ्या ठिकाणासाठी वर जातात, कारण दर मोठा दिसतो. मग आकडेमोड होते: पहिल्या ठिकाणी २,००० आणि २,१००, एकूण ४,१००. दुसऱ्या ठिकाणी ४,०८०. त्यावर जोड प्रश्न टाका: दुसऱ्या ठिकाणी वार्षिक दर किती असता तर दोन्हीकडे व्याज सारखं झालं असतं? ४०,००० वर ४,१००, म्हणजे १०.२५ टक्के. मुद्दल बदललं तर हा १०.२५ बदलेल का, हे मात्र मी सांगत नाही. घरी ८,००० घेऊन करून बघायला लावते.